खोडलेला परिच्छेद परत घाला

‘मुलीची फार्मसीची पदवी झाली, फार्मासिस्ट म्हणून नोंदणीही झाली. एका रुग्णालयाच्या औषध विभागात जागा निघाली आहे. अर्जासोबतचं पत्र मीच लिहून दिलं: शाळेपासूनचे गुण, बक्षिसं, मेहनती स्वभाव. तिने त्यात प्रशिक्षणातला एक प्रसंग घातला होता. संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असायला हवं होतं, ते रोज लिहिलेलं तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांची चूक काढल्यासारखं दिसेल म्हणून मी तो खोडला. नोकरीचा अनुभव नाही, मग पत्रात आणखी काय घालू?’
— एक वडील

तुम्ही आता काहीच घालू नका. पत्र तिचं तिला लिहू द्या.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तिच्या अनुभवाची मला काळजी वाटली नाही. वाटली ती याची, की पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तुम्ही खोडलात आणि तिने तो खोडू दिला. उद्या वॉर्डातून एखादे वरिष्ठ डॉक्टर फोनवर म्हणतील, ‘लिहिलंय तेवढं पाठवा.’ तेव्हा नम्रपणे पण ठाम राहून तिला पुन्हा विचारावं लागेल. त्या बोलण्याची भीती तिला घरातूनच लागायला नको. शिवाय मुलाखतीत पत्रातल्या कुठल्याही वाक्यावर प्रश्न येतो. तुमच्या वाक्यांची उत्तरं ती कुठून देणार?

डॉक्टरांना शंका विचारणं म्हणजे त्यांची चूक काढणं, हा तुमचा समज मात्र मुळातून काढायला हवा. रुग्णालयातल्या फार्मासिस्टचं काम गोळ्या मोजून देण्यावर संपत नाही. लिहून आलेलं औषध या रुग्णाला, या मात्रेत, इतक्या वेळा योग्य आहे का, हे देण्याआधी पाहणं हेच ते काम. मेथोट्रेक्सेटचंच घ्या. संधिवातात ते कमी मात्रेत आठवड्यातून एकदाच देतात. पण बहुतेक गोळ्या रोजच्या असतात, म्हणून लिहिणाऱ्याचा हात सवयीने ‘रोज’ लिहून जातो. औषधाचं नाव बरोबर, गोळीची ताकदही बरोबर, त्यामुळे चूक सहज नजरेतून सुटते. रोज गोळी जात राहिली तर तोंडात व्रण येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्ग होतो. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर औषध शरीरात साठत जातं आणि जीवही जाऊ शकतो. दुसरीकडे, काही कर्करोगांच्या उपचारात हेच औषध निराळ्या मात्रेत आणि निराळ्या वेळापत्रकाने देतात. म्हणून ‘रोज’ दिसलं की स्वतःच बदलून टाकायचं नसतं. ते कशासाठी चालू आहे हे पाहायचं आणि लिहिणाऱ्याला विचारायचं. तिने हे ओळखलं असेल, तर अनुभव नाही असं कसं म्हणता?

परिच्छेद साधारण असा व्हावा. तपशील तिने स्वतःचे भरावेत, आणि जे केलं नाही ते लिहू नये:

‘प्रशिक्षणात दाखल रुग्णांचे औषधतक्ते तपासताना संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट रोज लिहिलेलं दिसलं. गोळ्या वॉर्डात न पाठवता मी माझ्या वरिष्ठ फार्मासिस्टना तक्ता दाखवला. रुग्णाच्या आधीच्या चिठ्ठीत ते आठवड्यातून एकदा होतं. एखादी जादा गोळी आधीच दिली गेली आहे का, हे आम्ही नर्सना विचारलं आणि डॉक्टरांना कळवलं. त्यांनी आदेश बदलून आठवड्याचा वार लिहून दिला. तेव्हापासून हे औषध दिसलं की मी आधी आजार आणि वार पाहते.’

यात कोणाला दोष दिलेला नाही. रुग्णाचं नाव, खाटेचा क्रमांक, डॉक्टरांचं नाव यातलं काहीही येता कामा नये. रुग्णाची गुपितं पत्रात सांडणारी उमेदवार तिथेच बाद होते. ‘मी प्राण वाचवले’ असंही लिहू नये. तिने पाहिलं आणि विचारलं, निर्णय डॉक्टरांनी घेतला. ती मर्यादा तिला कळते, हे निवड करणाऱ्यांना याच मजकुरातून दिसेल. मुलाखतीत पुढचा प्रश्न बहुधा हा येईल: ‘डॉक्टर फोनवर भेटलेच नसते तर?’ त्याचं उत्तर तिने तयार ठेवावं: गोळी तोवर थांबवायची, वरिष्ठांकडून त्या विभागातल्या दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायचं, नर्सना कारण सांगायचं आणि हे सगळं नोंदवून ठेवायचं.

बाकी पत्र एका पानात बसवा. सुरुवातीला पदाचं नाव आणि नोंदणी झाल्याचा उल्लेख, एका ओळीत. शाळेचे गुण आणि बक्षिसं पूर्ण गाळा, पदवीचे गुण बायोडेटात असतातच. जाहिरातीत इंजेक्शनं तयार करणं किंवा औषधसाठा सांभाळणं असं विशिष्ट काम मागितलं असेल, तर त्यातलं तिने प्रशिक्षणात काय हाताळलं ते दोन वाक्यांत येऊ द्या. काहीच हाताळलं नसेल, तर शिकायची तयारी आहे असं सरळ लिहावं.

तिचा जुना मसुदा सापडला तर तिला त्यावरूनच सुरुवात करू द्या. पाठवण्याआधी तुम्ही फक्त फोन नंबर आणि अर्जाची शेवटची तारीख तपासा.