दर महिन्याला मिनिमम ड्यू वेळेवर भरतो, तरी क्रेडिट कार्डची बाकी कमी का होत नाही?

आमच्या मनीषनगरच्या शेजाऱ्यांची गोष्ट सांगतो. नवं लग्न, फ्रिज आणि सोफा कार्डावर, बाकी साठ हजार. बिलावर मिनिमम ड्यू 3,000. लेट फी लागत नव्हती, म्हणून दोघंही निवांत.

आठ महिन्यांनी बाकी पाहिली, तर जवळपास साठच! "काहून बाप्पा, चोवीस हजार गेले कुठे?" म्हणत तो स्टेटमेंट घेऊन आमच्याकडे आला.

ओट्यावर बसून हिशेब केला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 2,100. त्यावर 18 टक्के जीएसटी, 378. भरलेल्या 3,000 मधून मुद्दलात गेले फक्त 522. आणि ते दर महिन्याला पेट्रोलच्या एका स्वाइपने परत कार्डावर चढत होते. तिला वाटायचं, नव्या खरेदीला तरी पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात. पण मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर ती सवलतच मिळत नाही, पेट्रोललाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. हे बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं, वाचतो कोण!

तिने ऑफिसच्या पतसंस्थेतून वर्षाला 12 टक्क्यांनी साठ हजार उचलले आणि कार्डाची बाकी एकदम मिटवली. आता हप्ता साधारण 2,825, म्हणजे आधीपेक्षा कमीच, आणि चोवीस महिन्यांत कर्ज संपतं. कार्ड कपाटात आहे. पेट्रोल रोखीने.