स्पर्धकांच्या लिस्टिंगमधून आपल्या कामाचं काय घ्यायचं?

"स्पर्धकांच्या लिस्टिंग बघून आपली सुधारायची आहे, पण मजकूर उचलायचा नाही. नेमकं कसं करू?"

त्यांचं वर्णन नंतर वाचा. आधी ग्राहकांचे प्रश्न आणि दोन-तीन स्टारचे रिव्ह्यू वाचा. पाच स्टारवाले नुसतं कौतुक करतात, एक स्टारवाले बरेचदा डिलिव्हरीवर चिडलेले असतात. वस्तूत काय कमी पडलं ते मधले लोक सांगतात.

समजा, तुम्ही थर्मास बाटली विकता. पाच लिस्टिंग घ्या आणि शीटमध्ये प्रत्येकीने दिलेली माहिती फक्त आकड्यांत किंवा हो-नाहीत भरा. वाक्य एकही कॉपी करू नका. क्षमता पाचही जणांनी दिलेली दिसेल, पण तोंडाचा व्यास कुणीच नाही. खाली मात्र लोक विचारतायत: बर्फाचा खडा आत जातो का? ब्रश तळापर्यंत पोचतो का? तुमची जागा हीच.

आता त्या लिस्टिंग बंद करा आणि स्वतःची बाटली मोजा. "तोंडाचा आतला व्यास ४५ मिमी, ३ सेंमी बर्फाचा खडा सहज जातो" हे वाक्य तुमच्या मोजपट्टीतून आलं, म्हणून ते तुमचंच. सोबत मोजपट्टी धरलेला फोटो टाका.

एक जपा: झाकण गळतं ही स्पर्धकांच्या ग्राहकांची तक्रार असेल, तर आपली बाटली भरून रात्रभर आडवी ठेवून बघितल्याशिवाय "गळत नाही" लिहू नका.