सीझन संपताना रेनकोट-छत्र्यांच्या सेलची पोस्ट कशी लिहावी?

प्रश्न: पावसाळा संपत आलाय, माल काढायचाय. पण दुकान "स्वस्तातलं" वाटू नये अशी पोस्ट कशी टाकू?

उत्तर: सवलत सगळ्या दुकानावर लावू नका, उरलेल्या ठरावीक मालावरच लावा, आणि भाव का उतरवला ते पोस्टमध्येच सांगा. कारण दिसलं नाही की गिऱ्हाईक स्वतःच ठरवतं: माल खराब असेल, नाहीतर जूनमध्ये आपल्याला लुटलं. दुसरी शंका जास्त महाग पडते, कारण पुढच्या जूनमध्ये ते गिऱ्हाईक सेलचीच वाट बघत बसतं.

समजा, मोठ्यांच्या रेनकोटमध्ये फक्त एक्सएल उरलाय. मग असं लिहा: "या डिझाइनचे फक्त एक्सएल, नेव्ही ब्लू रंगात शिल्लक. छापील किंमत १२००, आता ८४०. १० ऑक्टोबरपर्यंत. शिवणीवरची टेप तपासून देऊ." सोबत त्याच टेपचा जवळून काढलेला फोटो टाका, लाल-पिवळं "महासेल" पोस्टर नको.

काळ्या छत्रीसारखा पुढच्या वर्षीही खपणारा माल पूर्ण भावातच ठेवा. घडीवर चिकटलेला किंवा कोटिंग सुटलेला रेनकोट मात्र सेलमध्येही विकू नका. तारीख उलटली की पोस्ट काढा, मुदत वाढवू नका.