आपल्या ओव्हनमध्ये फ्रोजन पिझ्झा

अगं, ओव्हन लावण्याआधी आत ठेवलेले सगळे ट्रे बाहेर काढ. मग डावं बटण वर-खालच्या आचेवर, उजवं २२० वर ठेव आणि लाल दिवा विझेपर्यंत थांब. ओव्हन थंड असताना पिझ्झा टाकला की चीज वाळतं, तळ मात्र लिबलिबीत राहतो. म्हणून थांबच.

पिझ्झा फ्रीझरमधून थेट, प्लॅस्टिक आणि खालचा पुठ्ठा काढून, मधल्या जाळीवर ठेव. दहा मिनिटांनी बघ: चीजला बुडबुडे आले, तळ तपकिरी झाला की झाला. काढताना हातमोजा कोरडाच हवा, ओल्या कापडातून लगेच चटका बसतो.

शेवटी दोन्ही बटणं शून्यावर. त्यानंतरही पंखा थोडा वेळ फिरतो, तो ओव्हन थंड करत असतो. भिंतीवरचा स्विच तेव्हा बंद करू नकोस.