जिन्यात, गच्चीवर फोन स्पीकरवर नको: नोटिशीचा मजकूर

प्रश्न: सोलापुरात आमच्या सोसायटीत लोक जिन्यातसुद्धा फोन स्पीकरवर टाकून बोलतात. नोटीस कशी लिहू?

उत्तर: नुसतं ‘शांतता राखा’ लिहिलं की ते दुसऱ्यासाठीच आहे असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून जागा आणि कारण नेमकं लिहा:

‘सर्व सभासदांना विनंती, की जिना, लिफ्ट, पार्किंग व गच्चीवर फोन स्पीकरवर ठेवून बोलू नये. जिन्यातला आवाज घुमून वरच्या मजल्यांपर्यंत जातो. कमी ऐकू येत असल्यास इअरफोन वापरावा किंवा घरात बोलावे. – सचिव’

गच्ची वगळू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं तिथं झोपायला जातात. कुणाचा फ्लॅट नंबर घालू नका, नाहीतर नोटीस बाजूला राहते आणि भांडण सुरू होतं. दंडाची धमकीही नको, त्यासाठी आधी सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो.