वडिलांची बायपास: कोणतं कर्ज, हा प्रश्न नंतरचा

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे आहेत. पुढच्या महिन्यात बायपास करायची आहे, खर्च ५ लाख सांगितलाय. माझा पगार ५५ हजार, घराचा हप्ता १८ हजार. मेडिक्लेम नाही, एजंटने त्याऐवजी वर्षाला ४८ हजारांची बचत पॉलिसी दिली, ८ हप्ते भरलेत. हॉस्पिटलचे बिनव्याजी १२ हप्ते, १५ टक्क्यांचं पर्सनल लोन, बायकोचं सोनं की क्राउडफंडिंग?

उत्तर: आधी वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. त्यात बायपास आहे. फक्त आधार लागतं, पण वय आधारवरचंच धरतात. तिथे जन्मवर्ष चुकलं असेल तर आजच दुरुस्तीला टाका. कार्ड beneficiary.nha.gov.in वर निघतं.

उपचार फक्त योजनेतल्या हॉस्पिटलात होतात, आणि आधी पैसे भरून नंतर परत मागता येत नाहीत. म्हणून भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा आणि मंजुरी आल्यावरच दाखल व्हा. तुमचं हॉस्पिटल यादीत नसेल, तर सगळे रिपोर्ट घेऊन यादीतल्या हृदयशल्यविशारदाकडे जा. तारीख थोडी पुढे गेली तर चालेल का, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. योजनेतल्या उपचारासाठी डिपॉझिट मागितलं, तर १४५५५ वर तक्रार करा.

हे जमलंच नाही, तरच कर्ज. हॉस्पिटलचे १२ हप्ते म्हणजे महिना ४१,७००. घराचा हप्ता धरून ५९,७००, पगारापेक्षा जास्त! शिवाय ते कर्ज फायनान्स कंपनीचंच असतं. एक हप्ता चुकला की सिबिलवर डाग. पर्सनल लोन ३ वर्षांचं घेतलं तर हप्ता १७,३०० आणि व्याज सव्वा लाखाच्या आसपास.

त्यापेक्षा पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे ती आत्ता बंद केली तर मिळणारी रक्कम, विचारा. तिच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. मेडिक्लेमऐवजी बचत पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या एजंटला विचारू नका, थेट कंपनीच्या शाखेत जा. उरलेल्या रकमेला बँकेचं सोनेतारण घ्या. उरलेले ३ लाख धरले, तर १० टक्क्यांनी महिना २,५०० व्याज. वर्षाअखेरीला एकरकमी फेडायचं कर्ज मात्र टाळा. तेव्हा ३ लाख उभे राहत नाहीत आणि दागिने लिलावाला जातात. मुद्दलासह मासिक हप्ता ठरवून घ्या. २४ महिन्यांना साधारण १३,८०० बसेल.

क्राउडफंडिंगमधून किती आणि कधी येईल, याची खात्री नाही. आले तर सोनं लवकर सोडवा, पण शस्त्रक्रियेची तारीख त्यावर ठरवू नका.

आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. सत्तरी झाली असेल तर तिचंही कार्ड याच फेरीत काढा. ५ लाखांची मर्यादा दोघांत मिळून आहे. झाली नसेल, तर तिचा मेडिक्लेम याच वर्षी घ्या. आधीपासूनच्या आजारांना त्यात ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं.