हप्त्यांच्या अर्जाबद्दल

चि. भाऊ,

तुझा अर्ज दोनदा वाचला. काळजाला भिडला, पण फी भरायची खिडकी सांभाळणाऱ्या माणसाच्या हाताला त्यात काहीच लागत नाही. मी स्वतः एका कॉलेजच्या लेखा विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. पानभर तू 'आमच्यावर संकटांचा डोंगर कोसळला आहे' हेच लिहिलं आहेस. आणि शेवटी काय, तर 'मोठ्या मनाने मला सवलत द्यावी, मी पैसे लवकरात लवकर भरेन.' किती पैसे? कधी? तुझ्या अर्जात हे कुठेच नाही. असा अर्ज नाकारला जात नाही, पण मंजूरही होत नाही. तो फाइलीत पडून राहतो, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी संगणकावर तुझ्या नावापुढे 'बाकी' दिसते.

आधी पैशाचं बघू. यंदाची फी ३६,००० रुपये. आज तुझ्या हातात ९,००० आहेत, म्हणजे उरले २७,०००. जूनच्या वादळात केळी आडवी झाली आणि पंचनामा झाला असला, तरी ती भरपाई हिशेबात धरू नकोस. शिष्यवृत्तीचंही तेच. आले तर आले. राहिला दीड एकर कापूस. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास निघेल, पण तो पैसा घरी येण्याआधीच वेचणीच्या मजुरीत आणि कृषी केंद्राच्या उधारीत जातो, हे तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. व्यापारीही कधी आठ-पंधरा दिवस थांबवतो. म्हणून दिवाळीचा हप्ता कबूल करू नकोस. तू 'ऑक्टोबर अखेर' म्हणत होतास, ते मला धाडसाचं वाटतं. २५ नोव्हेंबरला १५,००० आणि ३१ जानेवारीला १२,००० असं लिही. पण लिहिण्याआधी बाबांना विचार, त्यांना जमणारी तारीखच खरी तारीख.

आता अर्ज असा कर:

प्रति,
मा. प्राचार्य
(लेखा विभागामार्फत)

विषय : यंदाचे शुल्क तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
मी द्वितीय वर्ष बी.एस्सी. (संगणकशास्त्र), हजेरी क्र. ___ चा विद्यार्थी आहे. माझे यंदाचे शुल्क ३६,००० रुपये आहे. जूनमधील वादळात आमच्या केळीच्या बागेचे नुकसान झाले. पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यामुळे एकरकमी शुल्क भरणे शक्य नाही. आज ९,००० रुपये भरत असून उरलेले २५ नोव्हेंबरला १५,००० रुपये आणि ३१ जानेवारीला १२,००० रुपये असे भरेन. तोपर्यंत विलंब शुल्क लागू नये आणि बाकीमुळे परीक्षेचा अर्ज अडू नये, ही विनंती.

बस. खाली तुझी सही, त्याखाली बाबांची सही आणि मोबाइल नंबर. वादळाला एकच वाक्य दिलं म्हणून दुःख कमी झालं असं समजू नकोस. ते सांगायचं काम पंचनामा करतो, आणि तुझ्या तीन परिच्छेदांपेक्षा त्या कागदावर साहेबांचा जास्त विश्वास बसतो. आईच्या आजारपणाचं तू लिहिलं होतंस, ते मी काढलं. त्याचा कागद नाही, आणि घरातली प्रत्येक गोष्ट खिडकीवर मांडायची गरजही नाही.

परीक्षेच्या अर्जाचं वाक्य मात्र गाळू नकोस. हप्ते मंजूर करणारे एक आणि फॉर्म स्वीकारणारे दुसरे असतात. दुसऱ्या टेबलावर पहिल्याचा निरोप पोचतोच असं नाही. मंजुरीच्या शेऱ्यात ते वाक्य आलं की तो कागद दाखवता येतो.

अर्जाच्या दोन प्रती काढ. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घे, ती तुझी पोच. नऊ हजारांची पावती तिलाच टाचून ठेव. चार दिवसांनी जाऊन 'साहेबांची सही झाली का?' एवढंच विचार. तोंडी 'हो, भर नंतर' म्हणाले, तर अर्जावरच शेरा मागून घे. बोलणारा माणूस सुट्टीवर गेला किंवा बदलला की ते बोलणं कुणाला आठवत नाही.

आणि कापूस पावसात भिजला, भाव पडला, २५ तारीख चुकणार असं दिसलं, तर १७-१८ तारखेलाच जाऊन चार ओळींचा दुसरा अर्ज दे, जमेल तेवढी रक्कम सोबत ने. एक मुलगा असाच हप्ता चुकवून महिनाभर खिडकीकडे फिरकलाच नाही. पुढच्या वर्षी त्याचा अर्ज आला तेव्हा आमच्या साहेबांनी आधी जुनी फाइल मागवली होती.

शनिवारी बाजाराला येशील तेव्हा पक्की प्रत घेऊन ये, सही करायच्या आधी एकदा बघतो. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका